रविवारचा बॅकअप

आमच्या ग्रंथालयाचा सगळा कारभार एकाच सर्व्हरवर चालतो. पुस्तकं, सभासद आणि देवघेव पोस्टग्रेसच्या डेटाबेसात आहेत. शिवाय जुन्या दस्तऐवजांच्या स्कॅन केलेल्या सुमारे एकेचाळीस हजार फाइली एका फोल्डरात आहेत. रोज रात्री दोन वाजता क्रॉनमधून बॅकअपची स्क्रिप्ट चालायची. ती चार वर्षांपूर्वी मीच लिहिली होती आणि मला तिचा थोडा अभिमानही होता, कारण तिच्यात चेकसम होता. तिचा गाभा या दोन ओळींचा:

```
pg_dump library | gzip > library-$D.sql.gz
sha256sum library-$D.sql.gz > library-$D.sha256
```

पुढे ती दोन्ही फाइली बाहेरच्या डिस्कवर न्यायची. रोजच्या प्रती सात दिवस राहायच्या आणि रविवारची प्रत वर्षभर. म्हणजे डिस्कवर कायम बावन्न रविवार आणि गेला आठवडा. चेकसम जुळतोय की नाही ते मी महिन्यातून एकदा बघायचो. ओळीने `OK` उमटत गेलं की बरं वाटायचं.

दुसऱ्या कामासाठी मागवलेलं एक नवं मशीन आठवडाभर रिकामं पडणार होतं. माझी सहकारी म्हणाली, "सर, आपण यावर बॅकअप उतरवून बघू या का? आपण तो कधी उघडलेलाच नाही." मी म्हटलं, "बघू, कालचा घे." त्यावर तिने जे विचारलं ते मला आजही आठवतं. "कालचा कशाला? समजा कुणीतरी तीन आठवड्यांपूर्वी चुकून नोंदी पुसल्या आणि ते आपल्याला आज कळलं, तर कालच्या बॅकअपमध्येही त्या पुसलेल्याच असणार." म्हणून आम्ही तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारची प्रत घ्यायची ठरवली. त्या दिवशी कालची प्रत उचलली असती तर सगळं सुरळीत उतरलं असतं आणि मी आणखी चार वर्षं निर्धास्त राहिलो असतो.

नियम एकच ठरवला: जुना सर्व्हर जळून गेला असं समजायचं. त्यावर लॉगिन करायचं नाही, त्यावरून एकही फाइल घ्यायची नाही. हातात बाहेरची डिस्क, नवं मशीन आणि जे कागदावर आहे ते.

दहा मिनिटांत नियम मोडला. बाहेरची डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती. सर्व्हरला जोडली की ती आपोआप उघडायची, कारण तिची की-फाइल सर्व्हरच्याच `/root` मध्ये होती. नव्या मशीनने पासफ्रेज मागितला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पासफ्रेज कधी ठेवलाच नव्हता. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून वर कुलूप लावावं तसा प्रकार. शेवटी जुन्या सर्व्हरवर जाऊन `cryptsetup luksAddKey` ने डिस्कला दुसरी किल्ली म्हणून एक लांब पासफ्रेज जोडला आणि तो कागदावर लिहून पाकिटात घातला. खरी आपत्ती आली असती तर गोष्ट इथेच संपली असती; पुढे जे सापडलं ते सापडायची वेळही आली नसती.

डिस्क उघडल्यावर पहिलं काम `sha256sum -c`. उत्तर `OK`. दुसरं `gzip -t`, म्हणजे संकुचित फाइल शेवटपर्यंत धड आहे का ते. तक्रार नाही. मग रिकामा डेटाबेस तयार करून फाइल `psql` मध्ये सोडली. सुरुवातीलाच लाल अक्षरांत रोल अस्तित्वात नसल्याच्या ओळी आल्या. `pg_dump` एका डेटाबेसापुरतं बघतो. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड सगळ्या डेटाबेसांना सामाईक असतात, त्यांच्यासाठी `pg_dumpall --globals-only` वेगळं चालवावं लागतं. ते आमच्याकडे नव्हतं. रोल हाताने बनवला, डेटाबेस पुसून पुन्हा सुरुवात केली. या वेळी एकही लाल ओळ नाही. तासाभराने प्रॉम्प्ट शांतपणे परत आला आणि `echo $?` ने शून्य दाखवलं, म्हणजे सगळं यशस्वी.

ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर नव्या मशीनकडे वळवलं. लॉगिनचं पान आलं. मी माझा पासवर्ड टाकला, तो चुकीचा निघाला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. तीन आठवड्यांपूर्वी आपण पासवर्ड बदलला होता का, कॅप्स लॉक तर चालू नाही ना, असल्या शंकांमध्ये वीस मिनिटं घालवली. सहकारीने तोवर `\dt` मारून टेबलांची यादी काढली होती. सगळी टेबलं जागच्या जागी होती. मग तिने सहज मोजलं:

```
select count(*) from members;
```

उत्तर शून्य. पुस्तकं शून्य, देवघेव शून्य, लॉगिनचे वापरकर्ते शून्य. भरलेली टेबलं दोनच: लेखक आणि `book_images`. दुसरं म्हणजे मुखपृष्ठांच्या चित्रांचं. (ही चित्रं डेटाबेसात कोंबायचा निर्णयही माझाच. एक चूक पुढच्या चुकीला कशी हात देते ते पुढे येईलच.)

इथे थोडं थांबतो, कारण हे कसं घडलं यातच खरी गंमत आहे. `pg_dump` च्या साध्या मजकुरी फाइलीला ठरलेला क्रम असतो. आधी सगळ्या टेबलांचे रिकामे सांगाडे. मग एकेका टेबलाचा डेटा, साधारणपणे नावाच्या वर्णक्रमाने. सगळ्यात शेवटी इंडेक्स, प्रायमरी की आणि टेबलांमधले संबंध. त्यामुळे फाइल मध्येच तुटली तरी टेबलांची यादी पूर्ण दिसते, आत मात्र सुरुवातीच्या काही टेबलांतच माल असतो. `authors`, मग `book_images`, आणि तिथे फाइल तुटली. `books`, `loans`, `members` यांची पाळीच आली नाही.

पण तुटली तर कुणीच ओरडलं कसं नाही? `gzip` पाइपच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. `pg_dump` मेला की त्याच्यापुरता मजकूर संपला. मजकूर संपला एवढंच त्याला कळतं, का संपला ते कळत नाही. तो नीट शेवट करून फाइल बंद करतो, म्हणून `gzip -t` ला ती धडधाकट वाटते. पाइपची पावती शेवटच्या कमांडची असते, म्हणजे `gzip` ची, आणि ती 'यशस्वी'. मग माझी स्क्रिप्ट पुढे सरकून त्या अर्ध्या फाइलीचा चेकसम काढून ठेवते. तीन आठवड्यांनी मी तो पडताळला, तो जुळला, जुळणारच. फाइल लिहिल्यानंतर बदललेली नाही एवढंच तो सांगत होता, आणि ते शंभर टक्के खरं होतं. जे लिहिलं ते पुरतं होतं का, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

राहिला `psql`. इतकी वर्षं वाटायचं की निदान तो तरी तक्रार करेल. तक्रारीवर थांबावं म्हणून `-v ON_ERROR_STOP=1` देतात, ते देऊन मी पुन्हा उतरवून पाहिलं. तरी `$?` शून्यच. कारण डेटाच्या ओळी चालू असताना फाइल संपली तर `psql` त्याला 'या टेबलाचा डेटा संपला' असं समजतो, जेवढ्या ओळी आल्या तेवढ्या पक्क्या करतो आणि समाधानाने बाहेर पडतो. चूक घडलीच नाही, तर थांबणार कशावर?

खूण एकच होती आणि ती उघड्यावर होती. पूर्ण झालेल्या डंपच्या अगदी शेवटी `-- PostgreSQL database dump complete` अशी ओळ असते. आमच्या फाइलीच्या शेवटी एका चित्राचे आकडे होते. मग सगळ्याच फाइलींची शेपूट तपासली:

```
for f in *.sql.gz; do
  zcat "$f" | tail -n 10 | grep -q 'dump complete' || echo "$f"
done
```

ही तपासणी दुपारभर चालली. रोजच्या प्रतींपैकी रविवार सोडून सहाही पूर्ण होत्या. रविवारच्या बावन्नपैकी पंचेचाळीस तुटलेल्या. सगळ्यात जुन्या सात तेवढ्या शाबूत. म्हणजे ज्या प्रती आठवड्याने फेकून द्यायच्या त्या उत्तम, आणि ज्या वर्षभर जपायच्या त्या अर्ध्या.

रविवारीच का, ते शोधायला फार वेळ लागला नाही. सर्व्हरच्या क्रॉनमध्ये एक जुनी ओळ होती: दर रविवारी पहाटे अडीच वाजता डेटाबेसची सेवा रीस्टार्ट करणे. कधीतरी मेमरीची कुरकुर होती तेव्हा कुणीतरी घातलेली. ते 'कुणीतरी' बहुधा मीच. सुरुवातीला बॅकअप पंधरा-वीस मिनिटांत संपायचा, त्यामुळे दोघांची कधी गाठ पडली नाही. मुखपृष्ठं वाढत गेली आणि बॅकअपला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागायला लागला. हल्ली तो अडतीस मिनिटं घेत होता. ज्या आठवड्यात त्याने तिसावं मिनिट ओलांडलं त्या रविवारपासून प्रत्येक बॅकअपची मान बरोबर अडीच वाजता कापली जात होती. त्यामुळे रविवारच्या सगळ्या फाइली साधारण एकाच आकाराच्या, सातेक जीबीच्या, आणि ओळीने लावल्या तर नजरेला काहीच खटकत नव्हतं. शनिवारच्या नऊ जीबीच्या शेजारी ठेवल्या असत्या तर लगेच दिसलं असतं, पण मी रविवारची तुलना रविवारशीच करत होतो.

`pg_dump` ने मात्र दर वेळी बोंब मारली होती. क्रॉन असली बोंब रूटच्या स्थानिक मेलपेटीत टाकतो. पेटी उघडली तर पंचेचाळीस मेल, प्रत्येकात `terminating connection due to administrator command`. ती पेटी वाचायची पद्धत आमच्याकडे कधी नव्हतीच. यात आम्ही एकटे नाही एवढाच काय तो दिलासा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रोजचे `pg_dump` बॅकअप मुळात तयारच होत नव्हते: डेटाबेस ९.६ चा आणि `pg_dump` ९.२ चा, त्यामुळे तो चूक दाखवून थांबायचा. चूक झाल्याचे मेल निघत होते, पण डीएमएआरसीच्या नियमांमुळे ते नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट हाताशी होता म्हणून ते वाचले. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

दुरुस्ती छोटी होती. रीस्टार्टची ओळ काढून टाकली आणि स्क्रिप्टचा गाभा असा झाला:

```
set -euo pipefail
cd /backup
pg_dump -Fc -f "$F.part" library
pg_restore -f /dev/null "$F.part"
mv "$F.part" "$F"
sha256sum "$F" > "$F.sha256"
```

पाइप गेला, त्यामुळे `pg_dump` ची पावती थेट हातात येते आणि तो पडला तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. दुसरीकडे पाइप लागलाच तर `pipefail` आहे. `-Fc` म्हणजे पोस्टग्रेसचा स्वतःचा संकुचित प्रकार. चौथ्या ओळीत ती फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मजकूर कचऱ्यात टाकला जातो. फाइल तुटकी असेल तर वाचताना अडखळते. या जागी बरेच जण `pg_restore --list` वापरतात. तेवढ्यावर भागत नाही, कारण ते फक्त अनुक्रमणिका वाचतं आणि अनुक्रमणिका फाइलीच्या सुरुवातीला असते. अर्धं फाटलेलं पुस्तकही अनुक्रमणिकेत पूर्णच दिसतं. आणि `.part` हे नाव अशासाठी, की अर्धवट फाइल कधीही खऱ्या नावाने डिस्कवर राहू नये.

`cd` ची ओळही सहज आलेली नाही. `sha256sum` ला पूर्ण पत्ता दिला तर तो पत्ता चेकसमच्या फाइलीत तसाच उतरतो. मग बाहेरच्या डिस्कवरची प्रत तपासतोय असं समजून आपण सर्व्हरवर `-c` चालवतो आणि तो त्या पत्त्यावरची मूळ फाइलच तपासून `OK` देतो. आणखी एक: डिस्कवर नुकतीच उतरवलेली फाइल लगेच तपासली तर ती बरेचदा मेमरीतूनच वाचली जाते. डिस्क अनमाउंट करून परत जोडल्यावर जे वाचलं जातं ते खरं.

चेकसमची मी आतापर्यंत बदनामीच केली, पण स्कॅनच्या फोल्डरात त्यानेच काम केलं. ती प्रत `rsync` ने व्हायची. तो आकार आणि बदलाची वेळ जुळली की फाइल तीच आहे असं धरून पुढे जातो. आतलं काही वाचत नाही. आम्ही सर्व्हरवरच्या सगळ्या स्कॅनचे चेकसम काढले आणि ते बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतींशी लावून पाहिले. एकेचाळीस हजारांत तीन `FAILED`. आकार तोच, तारीख तीच, आतले बाइट वेगळे.

माझा हात लगेच `rsync -c` कडे गेला. तो बाइट तपासून फरक असलेल्या फाइली पुन्हा आणतो. सहकारीने अडवलं: "पण यातली बरोबर कुठली?" उघडून पाहिल्या. दोन फाइलींत बॅकअपमधलं पान मधूनच राखाडी झालेलं होतं. तिसरीत बॅकअपमधलं पान स्वच्छ होतं आणि सर्व्हरवरच्या मूळ चित्राचा खालचा भाग सरकून रंग विस्कटले होते. `-c` चालवलं असतं तर त्या पानाची जगातली शेवटची चांगली प्रत मी स्वतःच्या हाताने खराब प्रतीखाली गाडली असती. स्कॅन झालं त्याच दिवशीचे चेकसम जवळ असते तर डोळ्यांनी निवाडा करायची वेळ आली नसती. आता प्रत्येक नवी फाइल आली की तिचा चेकसम यादीच्या शेवटी जोडला जातो, आणि जुन्या फाइलीचा कधीही नव्याने काढला जात नाही. महिन्याला दोन्हीकडच्या फाइली त्या यादीशी ताडून पाहतो. तीन फाइली कशाने बिघडल्या ते कळलं नाही. ती डिस्क मात्र बदलली.

आठवडा संपायच्या आत नव्या पद्धतीने घेतलेला बॅकअप पुन्हा रिकाम्या मशीनवर उतरवला. या वेळी 'उतरला' म्हणजे काय ते आधी ठरवलं. स्क्रिप्ट डंपच्या आधी आणि नंतर प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजून एका छोट्या फाइलीत लिहून ठेवते. रात्री दोनला कुणी काम करत नसतं, त्यामुळे दोन्ही आकडे सारखेच येतात, आणि उतरवलेल्या डेटाबेसात तेच यायला हवेत. शिवाय शेवटच्या देवघेवीची तारीख आदल्या दिवशीची हवी. हे विशेष महत्त्वाचं, कारण स्क्रिप्ट चुकून एखाद्या जुन्या चाचणीच्या डेटाबेसाचा बॅकअप घेत असेल तर बाकी सगळं जुळूनही तारीख जुळणार नाही. मग लॉगिन करून एका सभासदाच्या नावावर पुस्तक चढवलं आणि उतरवलं. इंडेक्स आणि संबंध जागेवर आहेत की नाही ते असं वापरल्यावरच कळतं.

वेळही मोजली. आजवर कुणी विचारलं की मी "दोन तासांत उभं करतो" म्हणायचो. कोऱ्या मशीनपासून पहिलं पुस्तक देईपर्यंत पाच तास वीस मिनिटं लागली. त्यात डेटाबेस उतरायला दीड तास. बाकीचा वेळ ऑपरेटिंग सिस्टिम, योग्य आवृत्तीचं पोस्टग्रेस, एकेचाळीस हजार फाइलींची नक्कल आणि कुठली सेटिंग कुठल्या फाइलीत होती ते आठवण्यात गेला. ती सेटिंगची फाइल बॅकअपमध्ये नव्हतीच. आता आहे.

मेलचंही उलटं केलं. चूक झाली तर मेल, हे बंद. रोज सकाळी फाइलीचा आकार आणि सभासदांची संख्या सांगणारा मेल येतो. तो आला नाही की आमच्यापैकी कुणीतरी उठून बघतं.

पुढची चाचणी तीन महिन्यांनी केली आणि या वेळी मी खोलीबाहेर बसलो. सगळ्या पायऱ्या लिहिलेला कागद सहकारीच्या हातात होता. चाळीस मिनिटांनी ती दार उघडून म्हणाली, "सर, चौथ्या पायरीवर लिहिलंय 'नेहमीचा पासवर्ड टाका'. नेहमीचा म्हणजे कुठला?" मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून थांबवलं. "नाही, तुम्ही नाही आहात." मग तिने कपाट उघडून पाकीट शोधलं, त्यात डिस्कचा पासफ्रेज होता पण हा पासवर्ड नव्हता, आणि चौथ्या पायरीसमोर पेन्सिलने फुली मारून ती चाचणी तिथेच थांबवली. संध्याकाळी पाकिटात दुसरा कागद गेला. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चार तास पाच मिनिटं.